‘शिवीगाळ केली’ एवढं लिहून भागत नाही: नातेवाईक स्टाफला बोलला तर इन्सिडेंट रिपोर्ट कसा लिहायचा

सकाळी साडेआठला टेबलावर फॉर्म येतो. त्यात लिहिलेलं असतं, "रात्री पेशंटच्या नातेवाईकाने स्टाफला अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली व वॉर्डमध्ये गोंधळ घातला. सिक्युरिटीला बोलावले." संपलं. दीड ओळ. खाली सही, तीपण वाचता येत नाही अशी. आणि जिने लिहिलंय ती सिस्टर तोपर्यंत बस पकडून घरी गेलेली असते, रात्रभर रडलेली असते, आणि फोन लावला तर म्हणते जाऊ द्या ना मॅडम, आता काय परत परत तेच.

मी आधी वॉर्ड इन्चार्ज म्हणून आणि नंतर क्वालिटीच्या टेबलावर बसून असे फॉर्म बरेच वाचलेत. मारहाण झाली की फॉर्म तरी नीट भरला जातो कारण एक्सरे असतो, एमएलसी असते, फुटलेली काच असते. नुसतं तोंडाने बोललेलं असलं की काहीच उरत नाही. म्हणून आज फक्त तेवढंच सांगते, नातेवाईक स्टाफला वाटेल ते बोलला, हात लावला नाही, तर कागदावर काय आणि कसं उतरवायचं.

एक केस घेऊ. दोन-तीन वेगवेगळे प्रसंग जोडून मी ती बनवलीय, त्यामुळे कुणी हॉस्पिटल ओळखायचा प्रयत्न करू नका.

मेल मेडिकल वॉर्ड, २८ बेड, सगळे भरलेले. नाइटला दोन सिस्टर, एक मामा, एक मावशी. बेड १४ ला ७१ वर्षांचे आजोबा, न्यूमोनिया, ऑक्सिजन चालू. दिवसपाळीत कुणीतरी त्यांच्या मुलाला सांगितलेलं की मोठे डॉक्टर सात वाजेपर्यंत राउंडला येतील. ते आले नाहीत. मुलगा ८:४० ला काउंटरवर आला, डॉक्टर कधी येणार विचारलं. सिस्टरने ८:४५ ला आरएमओला फोन केला, ते कॅज्युअल्टीत अपघाताच्या पेशंटमध्ये अडकलेले, म्हणाले अर्ध्या तासात येतो. ९:२० ला मुलगा परत आला तो आवाज चढवूनच. आणि मग पुढची दहा-अकरा मिनिटं जे झालं त्याचा फॉर्म म्हणजे ती वरची दीड ओळ.

आता ती दीड ओळ घेऊन तुम्ही चार महिन्यांनी बसा. समोर मेडिकल सुपरिटेंडेंट आहेत किंवा पोलीस स्टेशनचा अंमलदार आहे किंवा नातेवाईकाने उलटी कंप्लेंट केलीय म्हणून त्याचा वकील आहे, आणि प्रत्येकजण एकच विचारतो, नेमकं म्हणाला काय? सिस्टर म्हणते, घाणेरडं बोलला. म्हणजे काय? आठवत नाही सर, खूप काही बोलला. इथेच विषय संपतो.

तुम्ही म्हणाल, सीसीटीव्ही आहे की. आहे, पण बहुतेक वॉर्डमधल्या कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्डच होत नाही. त्यात एक माणूस काउंटरसमोर उभा दिसतो, हातवारे करताना दिसतो, सिस्टर दोन पावलं मागे जाताना दिसते. तो शिव्या देतोय की देवाचं नाव घेतोय हे फुटेजवरून कळणार नाही. म्हणजे मारहाणीत जखम जे काम करते ते शिवीगाळीत ते शब्द करतात, आणि ते शब्द कुठेच साठवलेले नसतात, फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतात आणि तिथूनही दोन दिवसांत पुसट होतात.

म्हणून शब्द जसेच्या तसे लिहायचे. अवतरण चिन्हात. तो मराठीत बोलला तर मराठीत, हिंदीत बोलला तर हिंदीत, गावाकडच्या बोलीत बोलला तर त्याच बोलीत, भाषांतर करायचं नाही, शुद्ध करायचं नाही. फॉर्म इंग्रजीत भरायची पद्धत असली तरी ती वाक्यं मूळ भाषेतच ठेवायची. आमच्या केसमध्ये सिस्टरला शांत बसवून, चहा देऊन विचारलं तेव्हा तीन वाक्यं बाहेर आली. पहिलं, "पैसे भरून घ्यायला सगळे आहेत आणि पेशंट बघायला कुणी नाही." दुसरं, "ए भवाने, तुला अक्कल आहे का, दोन कवडीची नर्स." आणि तिसरं, "माझ्या बापाला काही झालं तर तुला जिवंत सोडणार नाही, सकाळी सुटतेस ना, गेटवर बघतो तुला."

ही तीन वाक्यं एका माळेतली वाटतात पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तक्रार आहे. तावातावाने केलेली पण तक्रारच, आणि खरं सांगायचं तर थोडी रास्त पण आहे. दुसरा अपमान आहे. तिसरी जिवे मारायची धमकी आहे आणि त्यात वेळ आणि जागा दोन्ही सांगितलीय. ‘शिवीगाळ केली’ असं लिहिलं की तिन्हीचा एकच काला होतो, धमकी शिवीत बुडून जाते आणि तक्रार करणारा माणूसपण गुन्हेगाराच्या रांगेत बसतो.

कायद्याला हा फरक फार लागतो. थोडक्यात सांगते, वकील नाहीये मी पण एवढं माहीत असायलाच हवं. समोरच्याला चिथावण्यासाठी केलेला नुसता अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये येतो (पूर्वीचं आयपीसी ५०४), आणि ते अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पुढे तपास करत नाहीत. धमकी कलम ३५१ मध्ये येते आणि धमकी ठार मारायची असेल तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते. शब्द बाईच्या लज्जेला हात घालणारे असतील तर कलम ७९, आणि त्या तक्रारीचा एफआयआर महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा कुठल्यातरी महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. जातीवरून बोलला असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा येतो, आणि तिथे नेमका शब्द कोणता वापरला आणि तो लोकांच्या समोर, दहाजणांना ऐकू जाईल असा उच्चारला की बंद खोलीत, यावर केस उभी राहते किंवा पडते. म्हणजे ‘जातिवाचक बोलला’ एवढं लिहून काही उपयोग नाही, शब्द लिहायचा आणि तेव्हा आजूबाजूला कोण कोण होतं तेही लिहायचं.

आणि महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहेच, डॉक्टर-नर्स-हॉस्पिटलवरच्या हिंसाचाराचा. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. लोकांना वाटतं तो फक्त मारहाण आणि तोडफोडीसाठी आहे. पण त्यातल्या हिंसाचाराच्या व्याख्येत धमकावणं आणि कामात अडथळा आणणं हेही आहे. हे डोक्यात ठेवा, कारण पुढे एक रकाना येतो जो सगळे रिकामा सोडतात आणि तो या ‘अडथळा’ शब्दासाठीच फार कामाचा आहे.

बरं, शब्द लिहायचे म्हटलं की पहिली अडचण येते ती लाजेची. आईवरून दिलेली शिवी किंवा अंगाविषयी बोललेलं घाणेरडं वाक्य स्वतःच्या हाताने, ऑफिसच्या कागदावर, खाली आपली सही करून लिहायचं हे सोपं नाही. बावीस वर्षांची मुलगी, नुकती जीएनएम करून लागलेली, ती ‘अश्लील शब्द वापरले’ असंच लिहिणार. तिला दोष देऊ नका. मी काय करायचे तर दार लावून तिच्याजवळ बसायचे आणि म्हणायचे, तू सांग, मी लिहिते, मग तू वाच आणि सही कर. आणि वर स्पष्ट लिहायचे की मजकूर अमुक सिस्टरच्या सांगण्यावरून वॉर्ड इन्चार्जने लिहिला, सिस्टरने वाचून सही केली. यात काही बेकायदा नाही. फक्त ती जे म्हणाली तेच लिहायचं, आपण त्याला सभ्य करायचं नाही. टिंब टिंब द्यायची नाहीत, पहिलं अक्षर लिहून फुल्या मारायच्या नाहीत, कारण फुल्यांच्या जागी समोरचा वकील त्याला हवा तो शब्द भरू शकतो. आणि असा फॉर्म वॉर्डच्या टेबलावर उघडा पडू द्यायचा नाही, पाकिटात घालून थेट मेट्रनकडे.

सगळं शब्दशः आठवलं नाही तर? नाहीच आठवत. दहा मिनिटं कुणी ओरडत असेल तर डोकं बधिर होतं. मग जे पक्कं आठवतंय तेवढंच अवतरणात घाला आणि बाकीचं ‘याशिवाय अजून बोलला, नेमके शब्द आठवत नाहीत, रोख आमची नोकरी घालवण्यावर होता’ असं लिहा. न आठवणारं वाक्य अंदाजाने अवतरणात टाकलं आणि नंतर कुणाच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत वेगळंच निघालं की खरी आठवलेली तीन वाक्यंपण खोटी ठरतात.

व्हिडिओवरून आठवलं. या केसमध्ये बेड १२ च्या नातेवाईकाने मोबाइलवर शूटिंग केलेलं होतं. त्यात आमची सिस्टर म्हणताना स्पष्ट ऐकू येते, "ओरडू नका, हे तुमचं घर नाही." तिने हे फॉर्ममध्ये लिहिलंच नव्हतं. मोठी चूक नाही ती, माणूस आहे, कुणीही बोललं असतं, पण न लिहिल्यामुळे ती लपवल्यासारखी दिसते. नातेवाईक हाच तुकडा कापून सगळीकडे पाठवतो की बघा सिस्टर कशी बोलते. म्हणून आपण काय बोललो हेपण अवतरणात, आपला आवाज चढला असेल तर ‘माझाही आवाज चढला’ असं. माझा अनुभव असा की स्वतःचं असं एक वाक्य असलेला रिपोर्ट वाचणाऱ्याला लगेच खरा वाटतो, आणि ज्यात सिस्टर संतासारखी हात जोडून उभी आहे तो कुणालाच खरा वाटत नाही.

शब्दांनंतर शरीर. तो कुठे उभा होता, काउंटरच्या बाहेर की आत आला, किती अंतरावर, हात कुठे होता, हातात काही होतं का. हे कशाला तर कायद्यात नुसत्या शब्दांना हल्ला म्हणत नाहीत, पण शब्दांमुळे हावभावाला अर्थ येत असेल तर तो हावभाव हल्ला ठरू शकतो, असं न्याय संहितेच्या कलम १३० च्या स्पष्टीकरणातच आहे. सरकारी हॉस्पिटलच्या लोकांना हे जास्त लागतं कारण सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचं कलम १३२ लावायला हल्ला किंवा बळाचा वापर दाखवावा लागतो. ‘जिवंत सोडणार नाही’ हे दारात उभं राहून म्हणणं आणि सलाइनचा स्टँड उचलून हातभर अंतरावरून म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या केसमध्ये मुलाने काउंटरवर दोनदा हात आपटला, मग काउंटरला वळसा घालून आत आला आणि सिस्टरपासून साधारण एका हाताच्या अंतरावर उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बोट रोखून तिसरं वाक्य बोलला. ती मागे सरकली, पाठ औषधाच्या कपाटाला लागली. हे सगळं कॅमेऱ्यात दिसतंय. म्हणजे आता शब्द कागदावर आहेत, चित्र कॅमेऱ्यात आहे, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतायत, पण जुळवणार कशाने? वेळेने.

वेळ लिहिताना ‘रात्री नऊच्या सुमारास’ नको. २१:२० ला काउंटरवर आला, २१:२४ ला आत आला, २१:२५ ला सिक्युरिटीला फोन, २१:३१ ला गार्ड पोहोचला, २१:४० ला आरएमओ आले. घड्याळ बघायची शुद्ध तेव्हा नसते हे मान्य, पण फोन लावलेला असतो, त्याची वेळ मोबाइलमध्ये किंवा इंटरकॉमच्या रजिस्टरला असते, तिथून मागे-पुढे मोजत जायचं. अजून एक बारीक गोष्ट, सीसीटीव्हीचं घड्याळ आणि वॉर्डमधलं भिंतीवरचं घड्याळ यात कधीकधी सात-आठ मिनिटांचा फरक असतो. फुटेज घेताना तो फरक तपासून रिपोर्टवर लिहून ठेवायचा, नाहीतर नंतर सिस्टर म्हणते २१:२४ आणि कॅमेरा म्हणतो २१:१६ आणि उगाच वाद.

आता विशेषणं काढून टाका. उद्धट, गुंड प्रवृत्तीचा, माजलेला, वेडसर, अमक्या पक्षाचा माणूस. हे सगळं आपलं मत झालं. ‘दारू प्यायलेला होता’ हे तर फारच आवडतं वाक्य. तुम्ही ब्लड टेस्ट केली का? नाही ना? मग ‘तोंडाला दारूसारखा वास येत होता, चालताना तोल जात होता, बोलणं अडखळत होतं’ असं लिहा, म्हणजे जे नाकाला, डोळ्याला, कानाला कळलं तेवढं. वास आला नसेल तर तेही लिहू नका. तसंच ‘मुद्दाम मला घाबरवायला आत आला’ असं लिहायचं नाही, मुद्दाम आला की कसा आला ते त्याचं त्याला माहीत. ‘आत आला, बोट रोखलं, मी घाबरले, हात थरथरत होते, पंधरा मिनिटं इंजेक्शन लोड करता येत नव्हतं’ हे लिहायचं. आपल्याला काय वाटलं हे आपल्याबद्दलचं आहे त्यामुळे ते चालतं, त्याच्या मनात काय होतं ते चालत नाही.

आणि इथे तो रिकामा रकाना येतो. बऱ्याच फॉर्ममध्ये ‘परिणाम’ किंवा ‘पेशंट केअरवर परिणाम’ असं काहीतरी असतं आणि तिथे सगळे ‘निरंक’ लिहून मोकळे होतात, म्हणजे कुणाला लागलं नाही ना मग निरंक. पण जरा थांबून आठवा त्या अकरा मिनिटांत आणि नंतरच्या अर्ध्या तासात काय राहून गेलं. रात्री नऊची इंजेक्शनं चालू होती, बेड १८ पर्यंत झालेली. बेड १९ ते २२ ची अँटिबायोटिक्स २१:५५ ला गेली. बेड १७ ची शुगर साडेनऊला तपासायची होती ती दहाला तपासली. दुसरी सिस्टर पलीकडच्या टोकाला ड्रेसिंग अर्धवट टाकून धावत आली. हे औषधाच्या चार्टवर आणि नोट्समध्ये वेळेसकट आधीच लिहिलेलं आहे, फक्त रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख करायचा. मगाशी म्हटलं ना २०१० च्या कायद्यातला अडथळा, तो हाच. ‘कामात अडथळा आणला’ असं शंभरदा लिहिण्यापेक्षा चार बेडची अँटिबायोटिक्स जवळजवळ तासभर उशिरा गेली हे एकदा लिहिलेलं बरं, कारण ते तपासता येतं.

नातेवाईकाची ओळख लिहिताना पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, बेड नंबर, नातं, आणि नाव पासवर किंवा अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर असेल तर तिथून. माहीत नसेल तर ‘स्वतःला पेशंटचा मुलगा म्हणवणारा, अंदाजे ४० वर्षे, निळा शर्ट’ असं. पेशंटच्या आजाराची कुंडली तिथे मांडायची गरज नाही, बेड १४ ऑक्सिजनवर होता आणि त्या वेळी स्थिर होता एवढं पुरे.

साक्षीदारांचं सांगते कारण इथे चांगल्या मनाने घोळ होतो. दुसरी सिस्टर, मामा, गार्ड, तिघांना एकत्र बसवून एकीने लिहायचं आणि बाकीच्यांनी बघून उतरवायचं, मग तिन्ही जबाबांत ‘अर्वाच्य व असभ्य भाषेत’ हे शब्द तसेच्या तसे. मामा असं बोलतो का कधी? मामाचा जबाब मामाच्या भाषेत पाहिजे. गार्ड २१:३१ ला आला तर त्याने धमकी ऐकलीच नाही, त्याने आल्यावर काय पाहिलं तेवढंच सांगावं, सिस्टर रडत होती, मुलगा काउंटरच्या आत उभा होता, बाहेर चला म्हटल्यावर लगेच आला. हे शेवटचं वाक्यपण लिहायचं, जरी ते मुलाच्या बाजूचं असलं तरी. शेजारच्या बेडचे नातेवाईक साक्षीदार म्हणून सगळ्यात वजनदार, कारण ते हॉस्पिटलचा पगार घेत नाहीत, पण दोन दिवसांत डिस्चार्ज होऊन निघून जातात, म्हणून त्यांची तयारी असेल तर त्याच रात्री नाव आणि फोन नंबर घेऊन ठेवायचा. जबरदस्ती नको.

मग या सगळ्याआधी काय झालं होतं ते. ही जागा स्टाफला आणि मॅनेजमेंटला दोघांनाही नकोशी असते. सात वाजता राउंड होईल असं सांगितलेलं, झाला नाही, मुलाला कुणी कळवलं नाही, ८:४५ ला अर्धा तास म्हटलेलं तेही उलटून गेलं. सिस्टर म्हणते हे लिहिलं तर आमचीच चूक दिसेल. मॅनेजमेंट म्हणतं हे लिहिलं तर कोर्टात हॉस्पिटलची चूक दिसेल. पण हे सगळं फोनच्या रेकॉर्डमध्ये आणि नोट्समध्ये आहेच, लपत नाही, आणि उशीर झाला म्हणून जिवे मारायची धमकी द्यायचा हक्क काही मिळत नाही. फक्त वेळा लिहायच्या, कारणमीमांसा करायची नाही. ‘डॉक्टर न आल्यामुळे नातेवाईक चिडला’ हे आपलं निदान झालं. ‘१९:०० ला राउंड अपेक्षित होता, झाला नाही, नातेवाईकाने २०:४० ला विचारलं, २०:४५ ला आरएमओला कळवलं’ ही घटना झाली. वाचणारा काय ते समजेल.

हे सगळं मिळून फॉर्म कसा दिसतो ते लिहून दाखवते, मधला भागच:

"२०:४० वा. बेड १४ च्या मुलाने डॉक्टर कधी येतील विचारलं. २०:४५ ला आरएमओंना फोन केला, अर्ध्या तासात येतो म्हणाले, तसं मुलाला सांगितलं. २१:२० ला तो परत काउंटरवर आला व मोठ्या आवाजात म्हणाला, ‘पैसे भरून घ्यायला सगळे आहेत आणि पेशंट बघायला कुणी नाही.’ मी म्हणाले, ‘ओरडू नका, हे तुमचं घर नाही.’ त्याने काउंटरवर दोनदा हात आपटला व म्हणाला, ‘ए भवाने, तुला अक्कल आहे का, दोन कवडीची नर्स.’ २१:२४ ला काउंटरच्या आत आला, एका हाताच्या अंतरावरून बोट रोखून म्हणाला, ‘माझ्या बापाला काही झालं तर तुला जिवंत सोडणार नाही, सकाळी सुटतेस ना, गेटवर बघतो तुला.’ मी मागे सरकले. अंगाला हात लावला नाही. २१:२५ ला सिक्युरिटीला फोन केला. यानंतर अजून काही बोलला ते नीट आठवत नाही. २१:३१ ला गार्ड आला, त्याच्याबरोबर तो बाहेर गेला. या काळात बेड १४ चा ऑक्सिजन चालू होता, २१:३५ ला तपासला. बेड १९ ते २२ ची २१:०० ची इंजेक्शनं २१:५५ ला दिली, बेड १७ ची २१:३० ची शुगर २२:०० ला तपासली."

पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ‘अंगाला हात लावला नाही’ हे वाक्य मुद्दाम आहे, जे झालं नाही ते स्पष्ट लिहिलं की पुढे कुणी वाढवून सांगू शकत नाही, आपल्या बाजूचेसुद्धा.

लिहायचं कधी तर त्याच शिफ्टला, घरी जायच्या आधी. साक्ष देताना माणूस स्वतः घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर लिहिलेलं वाचून आठवण ताजी करू शकतो, कायद्याने तशी मुभा आहे, आणि तीन दिवसांनी लिहिलेल्यात ती ताकद राहत नाही. उशीर झालाच तर मागची तारीख टाकायची नाही, ‘घटना अमुक तारखेची, नोंद आज’ असं लिहायचं. खाडाखोड झाली तर एक रेघ, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर बिलकुल नको.

आता एक गोष्ट जी नव्यांना माहीतच नसते. हा रिपोर्ट पेशंटच्या फाइलमध्ये लावायचा नाही. फाइल पेशंटची आहे, त्याने मागितली तर ७२ तासांच्या आत कॉपी द्यावी लागते, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत तसं आहे. म्हणजे ज्याने धमकी दिली त्याच्याच हातात साक्षीदारांच्या नावांसकट सगळं जातं. नर्सिंग नोट्समध्ये ‘इन्सिडेंट रिपोर्ट भरला’ असंही लिहू नका. नोट्समध्ये फक्त उपचाराशी संबंधित तेवढं जायला हवं, म्हणजे २०:४५ ला आरएमओला कळवलं, २१:४० ला आरएमओंनी तपासलं, ऑक्सिजन सॅच्युरेशन किती होतं. आणि फाइलच्या मुखपृष्ठावर लाल पेनने ‘भांडकुदळ नातेवाईक’ लिहिणारेही महाभाग मी पाहिलेत, तसलं काही करायचं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाने काय केलंय? त्याचे उपचार होते तसेच चालू, फक्त त्या सिस्टरला बेड १४ ऐवजी दुसरे बेड सांभाळायला द्यायचे आणि ते रिपोर्टच्या कारवाईत लिहायचं.

फॉर्म इन्चार्जकडून मेट्रन आणि तिथून अ‍ॅडमिनकडे जातो, आणि या प्रवासातच तो बऱ्याचदा मरतो, म्हणून सिस्टरने सहीशिक्क्याची पोच घ्यावी. इन्सिडेंट रिपोर्ट म्हणजे पोलीस कंप्लेंट नाही हे पण समजून घ्या, तो हॉस्पिटलच्या आतला कागद आहे. पोलिसांकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो शक्यतो हॉस्पिटलने द्यावा, एकट्या मुलीला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसवू नये. कोलकात्याच्या आर. जी. करच्या प्रकरणानंतर १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने आपल्या हॉस्पिटलांना सूचना काढली की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसाचार झाला तर जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेच्या प्रमुखाने एफआयआर दाखल करायचा. खासगीला ती लागू नसली तरी मॅनेजमेंट टाळाटाळ करत असेल तेव्हा दाखवायला बरी पडते. बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर २०१३ च्या पॉश कायद्याप्रमाणे बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही सुरक्षित जागा देणं मालकाचं काम आहे, आणि त्या बाईची इच्छा असेल तर बाहेरच्या माणसाविरुद्ध कारवाई सुरू करायलाही त्याने मदत करायची असते. तो नातेवाईक आपला कर्मचारी नाही, आम्ही काय करणार, हे उत्तर तिथे चालत नाही.

फुटेजचं मात्र त्याच दिवशी बघा. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. आयटीवाल्याला तोंडी सांगून होत नाही, लेखी द्यायचं, कॅमेरा नंबर, तारीख, २०:३० ते २२:०० एवढा सलग तुकडा, नुसती ती अकरा मिनिटं नको. कॉपी कुणी काढली, कधी, कशावर, हे लिहून ठेवायचं, कारण कोर्टात डिजिटल पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर सही करायला माणूस सापडला पाहिजे. आमच्या केसमध्ये हे सगळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं. सकाळी आठला सिस्टरबरोबर गार्ड गेटच्या बाहेर रिक्षापर्यंत गेला, गेटवर कुणी नव्हतं, आणि गार्डने रजिस्टरला चुकून आधी लिहिलेलं २०:१० एका रेघेने खोडून, सही करून ‘०८:१० ला सिस्टर रिक्षात बसली, गेटवर नातेवाईक आढळला नाही’ असं लिहिलं, त्याची झेरॉक्स मी रिपोर्टच्या मागे जोडली.